डिजिटल व्हाउचर किंवा गेमचा कोड आला नाही, अथवा ‘अवैध’ दिसला, तर पुरावा कसा जमवावा

पैसे खात्यातून गेले आहेत, ऑर्डरच्या पानावर ‘डिलिव्हर्ड’ असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले आहे आणि प्रत्यक्षात हाती एकतर काहीच आलेले नाही, किंवा जो कोड आला तो टाकल्यावर लाल ओळ उमटते आहे, अशा वेळी पहिली पंधरा मिनिटे फार मोलाची असतात. बहुतेक जण ती पंधरा मिनिटे कोड पुन्हा पुन्हा टाकून पाहण्यात घालवतात. माझे सांगणे असे की, कोड जास्तीत जास्त दोनदा टाकावा आणि मग हात थांबवून पुरावा गोळा करायला लागावे.

यामागचे कारण समजून घेतले, तर पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळते. घरी येणाऱ्या पार्सलला खोका असतो, पावतीवर सही असते, फोटो काढता येतो. कोड म्हणजे मात्र पंधरा-वीस अक्षरांची एक ओळ असते, आणि ज्याने ती आधी टाकली त्याचे पैसे. तुम्ही कोड पाहिला, पण वापरला नाही, हे थेट सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे, कारण न केलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. म्हणून अशा तक्रारीचा निकाल वेळांच्या क्रमावर लागतो: पैसे केव्हा दिले, कोड केव्हा पाठवला गेला, तो पहिल्यांदा केव्हा उघडला, तुम्ही तो केव्हा टाकला आणि कोड काढणाऱ्या मूळ कंपनीच्या नोंदीप्रमाणे तो केव्हा वटला. या पाच वेळा एका ओळीत मांडता आल्या, तर चूक कोणाकडे आहे हे बहुतेक वेळा त्या ओळीवरूनच दिसते. पुढचे सगळे काम या पाच वेळा पकडण्याचे आहे.

## आधी पडद्यावरचा संदेश नीट वाचावा

‘कोड चालत नाही’ हे वाक्य तक्रारीत कधीही लिहू नये. न चालण्याची कारणे निरनिराळी असतात, प्रत्येकाचा संदेश वेगळा असतो आणि प्रत्येकाला जबाबदार असणारा माणूसही वेगळा असतो.

पहिला प्रकार म्हणजे ‘कोड अवैध आहे’ किंवा ‘असा कोड नाही’. याचा अर्थ, टाकलेली अक्षरे कंपनीच्या यादीत सापडली नाहीत. यात टंकनाची चूक होण्याची शक्यता खरोखरच मोठी असते. स्टीम या गेम विकणाऱ्या प्लॅटफॉर्मवर चुकीची ‘की’, म्हणजे गेम उघडणारा कोड, टाकली, तर तेथील संदेशच सांगतो की `I`, `L` आणि `1` सारखे दिसू शकतात, तसेच `V` आणि `Y`, आणि `0` आणि `O`. मायक्रोसॉफ्टच्या पंचवीस अक्षरी कोडमध्ये `A`, `E`, `I`, `O`, `U` हे स्वर, तसेच `L`, `S`, `0`, `1`, `5` ही चिन्हे वापरलीच जात नाहीत. तेव्हा तुम्ही वाचलेल्या कोडमध्ये यांपैकी एखादे असेल, तर एकतर वाचण्यात चूक झाली आहे, किंवा तो मायक्रोसॉफ्टचा कोडच नाही. ईमेलमधून कोड कॉपी करताना शेवटी एखादी रिकामी जागा चिकटते, किंवा मधली साधी रेघ लांब रेघेत बदललेली असते. म्हणून कोड आधी साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून, तेथून पुन्हा उचलून टाकावा. योग्य पानावर टाकतो आहोत ना, हेही पाहावे. स्टीमवर वॉलेटचा कोड आणि गेमची की यांची पाने वेगळी आहेत:

```
store.steampowered.com/account/redeemwalletcode
store.steampowered.com/account/registerkey
```

दुसरा प्रकार ‘हा कोड आधीच वापरला गेला आहे’ हा. येथे कोड खरा आहे, पण वटलेला आहे. सगळ्यात चिवट भांडणे या प्रकारात होतात, त्यामुळे लेखाचा बराचसा भाग मी यालाच दिला आहे.

तिसरा प्रकार प्रदेशाचा. कोड खरा आहे, न वापरलेला आहे, पण तो दुसऱ्या देशातल्या खात्यासाठी काढलेला आहे. प्लेस्टेशनचे वॉलेट कोड हे खाते ज्या देशाचे आहे त्याच देशाचे लागतात, आणि बऱ्याच गेम कीदेखील ठरावीक प्रदेशांपुरत्याच उघडतात. येथे पुरावा अगदी वेगळा लागतो: विक्रीच्या पानावर प्रदेशाचा उल्लेख होता की नाही, आणि असल्यास कोठे. ते पान विक्रेता नंतर बदलू शकतो, म्हणून ते त्याच दिवशी वरपासून खालपर्यंत पीडीएफ करून ठेवावे.

चौथा प्रकार म्हणजे कोड अजून ‘चालू’ केलेला नाही. दुकानातल्या छापील कार्डांवरचा कोड विक्रीच्या वेळी यंत्रावर चालू करावा लागतो, आणि ते राहून गेले, तर कोड बरोबर असूनही नाकारला जातो. यात जबाबदारी सरळ विकणाऱ्याची असते आणि पावती हाच मुख्य पुरावा असतो, म्हणून पावती जपावी, इतकेच येथे सांगतो.

पाचवा संदेश कोडबद्दल नसतोच, आणि गोंधळ नेमका त्याने होतो. चुकीचे प्रयत्न वारंवार झाले की यंत्रणा काही काळ तुमच्या खात्याचे किंवा इंटरनेट जोडणीचे सगळेच प्रयत्न नाकारते. स्टीम तसे स्पष्ट लिहिते, की या खात्यावरून किंवा पत्त्यावरून अलीकडे फार प्रयत्न झाले आहेत, थोड्या वेळाने पुन्हा करा. पण माणूस घाईत असतो, त्याला पुन्हा एक लाल ओळ दिसते आणि तो तिचाच स्क्रीनशॉट काढून विक्रेत्याला पाठवतो. विक्रेता म्हणतो, हा संदेश तर तुमच्या खात्याचा आहे, आमच्या कोडचा नाही, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते. दोन प्रयत्नांवर थांबण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी: मूळ संदेश पडद्यावर असतानाच तो पकडला पाहिजे.

## कोड आलाच नाही, तेव्हा

सर्वांत आधी ऑर्डरच्या पुष्टीमध्ये कोणता ईमेल पत्ता किंवा मोबाइल क्रमांक नोंदला गेला आहे, हे अक्षर न अक्षर वाचावे. भेट म्हणून पाठवताना समोरच्याचा पत्ता आपण टंकतो आणि एखादे अक्षर गळते. तसे झाले असेल, तर ते लगेच आणि स्पष्टपणे कळवावे. लपवण्यात काही अर्थ नसतो, आणि कोड अजून वटलेला नसेल, तर विक्रेता तो रद्द करून नवा देऊ शकतो.

पत्ता बरोबर असेल, तर जीमेलमध्ये शोधपेटीत `in:anywhere` लिहून पुढे विक्रेत्याचे नाव टाकावे, म्हणजे स्पॅम आणि कचरापेटीसह सगळीकडे शोध होतो. स्पॅममधली पत्रे 30 दिवसांनी आपोआप पुसली जातात, त्यामुळे ‘नंतर पाहू’ म्हणून चालत नाही. शोधाचा निकाल रिकामा आला, तर त्या रिकाम्या निकालाचाही पत्ता आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा.

मग ऑर्डरची स्थिती पाहावी. ‘प्रोसेसिंग’ किंवा ‘पडताळणी सुरू’ असे असेल, तर कोड अजून निघालेलाच नाही. बहुधा रक्कम बँकेने राखून ठेवली आहे आणि विक्रेता व्यवहार खरा आहे का ते तपासतो आहे. अशा वेळी विक्रेत्याने सांगितलेली मुदत संपेपर्यंत थांबणे योग्य ठरते. दुसरी ऑर्डर मात्र देऊ नये, कारण त्याने पडताळणी आणखी लांबते आणि पुढे कोणते पैसे कशाचे हा घोळ होतो.

‘डिलिव्हर्ड’ लिहिलेले असेल, तर त्या शब्दाला फार किंमत देऊ नये. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ ‘आमच्याकडून पाठवले गेले’ एवढाच असतो. ईमेल स्वीकारला, की समोरचा सर्व्हर `250` या आकड्याने सुरू होणारे उत्तर देतो, आणि पत्ता अस्तित्वात नसेल, तर साधारणपणे `550`. हे उत्तर पाठवणाऱ्याच्या नोंदीत राहते. म्हणून विक्रेत्याला असे विचारावे: ‘कोडचा ईमेल कोणत्या पत्त्यावर, किती वाजता पाठवला, त्याचा संदेश-क्रमांक काय आणि समोरच्या सर्व्हरने काय उत्तर दिले?’ या प्रश्नाला ठरावीक साच्यातले उत्तर देता येत नाही. ज्याच्याकडे नोंद आहे तो ती देतो, आणि ज्याच्याकडे नाही तो बहुतेक वेळा कोड पुन्हा पाठवतो.

## पुरावा म्हणून काय धरले जाते

माझा भाचा फोनवर ‘मामा, मी चारदा टाकून पाहिला, होतच नाही’ असे सांगत आला, तेव्हा त्याने मला पाठवलेला स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे. त्यात फक्त लाल ओळ होती. वरची घड्याळाची पट्टी कापलेली, खात्याचे नाव कापलेले, टाकलेला कोडही दिसत नव्हता. त्या चित्रातून कोणते खाते, कोणता कोड आणि कोणता दिवस यांतले काहीच कळत नव्हते. दुसऱ्या कोणाच्या तक्रारीलाही ते तितकेच चालले असते.

पुरावा म्हणून उपयोगी पडणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये चार गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात: टाकलेला कोड, आलेला संदेश, कोणत्या खात्याने प्रवेश केलेला आहे त्याचे नाव, आणि तारीख व वेळ. संगणकावर पूर्ण पडद्याचे चित्र घ्यावे, म्हणजे पत्त्याची पट्टी आणि घड्याळ दोन्ही येतात. मोबाइलवर तारीख पट्टीत दिसत नसेल, तर चित्राच्या फाइलमधली तारीख कामी येते. मात्र ते चित्र मेसेजिंग अॅपमधून पाठवले की ती माहिती सहसा गळून पडते, त्यामुळे मूळ फाइल फोनमधून पुसू नये.

चित्रापेक्षा स्क्रीन रेकॉर्डिंग वरचढ ठरते, पण एकाच अटीवर: ते सलग असावे. ऑर्डरच्या पानापासून सुरुवात करावी, ऑर्डर क्रमांक दिसू द्यावा, तेथून कोड उघडावा, कॉपी करावा, रिडीमच्या पानावर खात्याचे नाव दाखवावे, कोड चिकटवावा आणि संदेश येईपर्यंत थांबावे. मध्ये थांबवलेले आणि जोडलेले रेकॉर्डिंग समोरचा लगेच नाकारतो. ‘कोड पाहा’ हे बटण तुम्ही अजून दाबलेले नसेल, तर रेकॉर्डिंग चालू केल्याशिवाय ते दाबू नये, कारण विक्रेत्याकडे ‘पहिल्यांदा उघडले’ ही नोंद एकदाच होते.

या ठिकाणी एक गोष्ट बाजूला सांगून ठेवतो, कारण ती फार कमी जणांना ठाऊक असते. कार्यालयाच्या ईमेलवर कोडची दुवा असलेली पत्रे मागवू नयेत. बऱ्याच कार्यालयांतली सुरक्षा यंत्रणा आलेल्या पत्रातली प्रत्येक दुवा आधी स्वतः उघडून तपासते. एकदाच उघडणारी दुवा त्यात खर्ची पडते, आणि विक्रेत्याच्या नोंदीत कोड तुम्ही पत्र वाचण्याआधीच ‘उघडला’ असे दिसते. तुमच्या बाबतीत उघडण्याची वेळ पत्र आल्यापासून काही सेकंदांतलीच असेल, तर ही शक्यता तक्रारीत अवश्य मांडावी.

ईमेलचा स्क्रीनशॉट पुरेसा नसतो. त्याचे मूळ रूप जपावे. जीमेलमध्ये संगणकावर पत्र उघडून तीन टिंबांच्या यादीत ‘मूळ दाखवा’ हा पर्याय निवडला, की शीर्षकासह संपूर्ण पत्र दिसते आणि ते `.eml` फाइल म्हणून उतरवून घेता येते. त्यात `Received` या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतात. पत्र कोणकोणत्या सर्व्हरमधून किती वाजता पुढे गेले, हे त्या ओळी खालून वर वाचत गेले की सेकंदासह कळते. शेजारी `Message-ID` असतो, आणि विक्रेत्याच्या नोंदीशी जुळवायला तोच उपयोगी पडतो. पत्र दुसऱ्याला फॉरवर्ड केले, की या ओळी मूळ स्वरूपात राहत नाहीत, म्हणून फाइल जोडूनच पाठवावी.

उरलेला पुरावा तुमच्या खात्याचा इतिहास हा. स्टीमवर तो `store.steampowered.com/account/history` येथे दिसतो, आणि इतर प्लॅटफॉर्मवर ‘व्यवहार’ किंवा ‘खरेदीचा इतिहास’ अशा नावाने. ऑर्डरच्या आदल्या दिवसापासून आजपर्यंतच्या नोंदी एकत्र दिसतील असे चित्र घ्यावे. ही पायरी आधी स्वतःसाठी करावी. कित्येकदा असे निघते की कोड पहिल्याच वेळी वटला होता, पान अडकले म्हणून दुसऱ्यांदा टाकला आणि ‘आधीच वापरला’ हा संदेश स्वतःच्याच वापराबद्दल होता. घरातल्या दुसऱ्या कोणी त्याच यंत्रावर आपल्या खात्यातून टाकला आहे का, हेही विचारावे. हे न तपासता तक्रार केली आणि पुढे उलगडा झाला, तर त्या विक्रेत्याकडे तुमच्या पुढच्या खऱ्या तक्रारीलाही कोणी विचारत नाही.

कोडची पूर्ण अक्षरे मात्र केवळ विक्रेत्याच्या आणि मूळ कंपनीच्या अधिकृत तक्रार-पानावरच द्यावीत. इतरत्र मदत मागताना शेवटची चार अक्षरे ठेवून बाकी झाकावे. शोधयंत्रात सापडलेल्या ‘मदत केंद्राच्या’ क्रमांकावर फोन करून कोड वाचून दाखवला, आणि तोपर्यंत न वटलेला कोड दहा मिनिटांत वटला, असे घडते. मदत केंद्राचा पत्ता नेहमी प्लॅटफॉर्मच्या अॅपमधून किंवा ऑर्डरच्या पुष्टीतूनच घ्यावा. पासवर्ड किंवा ओटीपी तर कोणत्याही खऱ्या तक्रारीला लागतच नाही.

## भाच्याच्या कोडचे काय झाले

त्याने एका बाजारपेठेसारख्या संकेतस्थळावरून, म्हणजे जेथे अनेक लहान विक्रेते आपापले कोड विकतात अशा ठिकाणाहून, गेमचा कोड घेतला होता. आम्ही दोघांनी बसून पहिल्यांदा वेळांची नोंद केली. ती अशी दिसत होती:

```
शनि 19:42  पैसे गेले (बँकेचा संदेश)
शनि 19:58  कोडचा ईमेल आला (Received ओळ)
शनि 20:31  दुवा उघडली
शनि 20:34  कोड टाकला: "आधीच वापरला"
शनि 20:37  चौथा प्रयत्न: "फार प्रयत्न झाले"
```

विक्रेत्याला तोपर्यंत भाच्याने शेवटच्या संदेशाचे कापलेले चित्र पाठवले होते. उत्तर आले ते ठरलेलेच: आमच्या नोंदीप्रमाणे कोड 18:31 वाजता पाहिला गेला, आणि पाहिलेला कोड परत घेतला जात नाही. भाचा त्या उत्तराने खचला होता. मला मात्र ती वेळ खटकली, कारण तिच्याप्रमाणे कोड पैसे देण्याच्याही एक तास आधी पाहिला गेला होता. विक्रेत्याचे घड्याळ आमच्याहून दोन तास मागे होते, एवढाच त्याचा उलगडा होता. तो विक्रेत्याचा खोटेपणा नव्हता. पण वेळा लिहिताना कोणत्या घड्याळाच्या आहेत हे सोबत लिहिले नाही, तर सरळ प्रकरणही संशयास्पद दिसू लागते. त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळेपुढे तिचा काळपट्टा लिहितो.

पुढचे काम विक्रेत्याशी वाद घालण्याचे नव्हते, कारण ‘पाहिला’ आणि ‘वटवला’ यांतले अंतर त्याच्याकडच्या नोंदीतून कळण्यासारखे नव्हते. कोड वटला केव्हा, हे फक्त तो काढणाऱ्या कंपनीला ठाऊक असते. आम्ही गेमच्या प्लॅटफॉर्मकडे तक्रारीचे तिकीट उघडले, त्यात पूर्ण कोड, खरेदीची पावती, खात्याचा इतिहास आणि 20:34 चा संदेश जोडला. तो संदेश मिळवण्यासाठी बंदी उठेपर्यंत थांबून, सलग रेकॉर्डिंग चालू ठेवून कोड पुन्हा एकदाच टाकावा लागला, आणि तसे घेतले असल्याचे तिकिटात प्रामाणिकपणे लिहिले. आम्ही प्रश्न एकच विचारला: ‘कोणी वापरला ते सांगू नका, पण हा कोड कोणत्या तारखेला वटला, आणि तो आमच्या खात्यावर वटला आहे का?’

प्रश्नाची ही बांधणी महत्त्वाची आहे. ‘कोणी वापरला’ असे विचारले, की दुसऱ्या ग्राहकाच्या गोपनीयतेचे कारण पुढे येते आणि तिकीट तेथेच बंद होते. तारीख सांगण्यात तशी अडचण नसते. काही कंपन्या तीही देत नाहीत, त्या वेळी निदान ‘हा कोड तुमच्या खात्यावर वापरला गेलेला नाही’ एवढे लेखी मागावे. आमच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी उत्तर आले, की कोड गुरुवारी वटला होता आणि आमच्या खात्याशी त्याचा संबंध नाही. ऑर्डर शनिवारची होती. जो कोड विकण्याच्या दोन दिवस आधीच वापरला गेला होता, तो खरेदीदाराने वापरला असे म्हणायला जागाच उरली नाही. ते उत्तर आणि वरची नोंद एकत्र पाठवल्यावर बाजारपेठेच्या संकेतस्थळाने पैसे परत केले.

वटल्याची तारीख ऑर्डरनंतरची आली असती, तर प्रकरण अवघड झाले असते हेही सांगितले पाहिजे. तेव्हा प्रश्न मिनिटांचा होतो: तो 19:58 ते 20:31 या दरम्यान, म्हणजे दुवा उघडण्यापूर्वी वटला, की नंतर? आधी वटला असेल, तर विक्रेत्याने तोच कोड दोघांना विकला असण्याची किंवा त्याच्याकडून तो फुटला असण्याची शक्यता बळकट होते. नंतर वटला असेल, तर तुमचा ईमेल किंवा फोन दुसऱ्या कोणी पाहतो आहे का, हे आधी तपासावे लागते, आणि सलग रेकॉर्डिंग नसेल, तर विक्रेत्याला दोष देणे कठीण जाते.

## तक्रारीचे पत्र

तक्रार लांबलचक नसावी आणि तिच्यात राग नसावा. पहिल्यांदा वाचणारा माणूस दिवसाला अशी कित्येक पत्रे पाहतो, आणि त्याला ऑर्डर क्रमांक, वेळा, संदेश आणि मागणी या चार गोष्टी हव्या असतात. भाच्याच्या वेळी पाठवलेल्या पत्राचा साचा असा होता:

```
ऑर्डर क्र. ____, पैसे दिले: ता. __, वेळ __ (काळपट्टा __).
कोडचा ईमेल: वेळ __, Message-ID ____.
कोड (शेवटची चार अक्षरे ____) वेळ __ वाजता
खाते ____ वर टाकला. संदेश जसाच्या तसा: "____".
मूळ कंपनीचे तिकीट क्र. ____, त्यांचे उत्तर सोबत.
मागणी: नवा कोड किंवा पूर्ण परतावा, ता. __ पर्यंत.
जोड: रेकॉर्डिंग, .eml फाइल, खात्याचा इतिहास.
```

संदेश जसाच्या तसा, त्याच भाषेत आणि त्याच्या क्रमांकासह लिहावा. पत्र ऑर्डरच्या पानावरूनच पाठवावे, म्हणजे ते ऑर्डरशी जोडले जाते. चॅटवर बोलणे झाले, तर खिडकी बंद करण्यापूर्वी संपूर्ण संवाद उतरवून घ्यावा, कारण काही चॅट बंद होताच दिसेनासे होतात. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी ‘आज इतक्या वाजता आपण असे सांगितलेत’ म्हणून ईमेलने कळवून नोंदवून ठेवावे.

## पैसे परत मागण्याचा दुसरा मार्ग आणि त्याची किंमत

विक्रेता बधला नाही, तर ज्या मार्गाने पैसे दिले त्या मार्गाने वाद नोंदवता येतो. व्हिसाच्या नियमांत वस्तू किंवा सेवा न मिळणे आणि वर्णनाप्रमाणे नसणे ही दोन वेगळी कारणे आहेत. आलेलाच नाही तो कोड पहिल्या कारणात बसतो, आणि आला पण चालला नाही तो दुसऱ्या. कारण चुकीचे निवडले, तर विक्रेता फक्त ‘पाठवल्याची नोंद’ दाखवून जिंकतो. मुदत साधारणपणे 120 दिवसांची असते, परंतु तुमच्या बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते, म्हणून विक्रेत्याच्या उत्तराची वाट पाहत महिने जाऊ देऊ नयेत.

पेपालवर पैसे दिल्यापासून 180 दिवसांत वाद उघडता येतो. पण वाद उघडल्यावर 20 दिवसांच्या आत तो दाव्यात बदलावा लागतो, नाहीतर तो आपोआप बंद होतो, आणि पुष्कळांचे पैसे येथेच अडकतात. शिवाय गिफ्ट कार्डसारख्या साठवलेल्या मूल्याच्या वस्तू पेपालच्या खरेदीदार संरक्षणातून वगळलेल्या असू शकतात, त्यामुळे तुमच्या देशासाठी लागू असलेल्या अटी आधी वाचाव्यात.

कोड थेट प्लॅटफॉर्मकडूनच घेतलेला असेल, तर चार्जबॅक हा अगदी शेवटचा उपाय समजावा. पैसे बँकेमार्फत ओढून घेतले, की स्टीमसारखी कंपनी वाद मिटेपर्यंत खात्यावर निर्बंध घालते, आणि एका कोडसाठी वर्षानुवर्षे जमवलेले सगळे गेम अडकून पडतात. प्लॅटफॉर्मऐवजी दुसऱ्या एखाद्या विक्रेत्याकडून घेतलेल्या कोडच्या बाबतीत हा धोका कमी असतो, कारण वाद त्या विक्रेत्याशी असतो. तरीही बदली कोड मिळालेला असताना वाद चालू ठेवू नये, आणि वाद चालू असताना बदली कोड वटवू नये. दोन्हीकडून घेतले असे दिसले, की तुमची बाजू खरी असूनही हातची जाते.

बदली कोड आला, की तो त्याच दिवशी, रेकॉर्डिंग चालू करून, कोड पाहण्याचे बटण दाबण्याआधीपासून वटवावा, आणि खात्याच्या इतिहासात त्याची नोंद उमटेपर्यंत जुन्या तक्रारीतली एकही फाइल पुसू नये.